‘बघू’वरून झालेला गोंधळ: संदेशांचा कीस पाडणाऱ्या प्रेयसीला धीर द्यायचा आणि फ्लर्टही करायचे, हे कसे साधावे?

संथवारा

आमचे नाते पाच महिन्यांचे आहे. समोरासमोर असताना माझी कोणतीही चेष्टा तिला लगेच कळते आणि बहुतेक वेळा ती सवाई उत्तर देऊन मलाच गप्प करते. परंतु तीच चेष्टा लिहून पाठवली, की तिच्या मनात शंका सुरू होतात. हे तिला स्वतःलाही ठाऊक आहे आणि ती ते मोकळेपणाने मान्य करते.

गेल्या गुरुवारी जे घडले ते सविस्तर लिहितो. दुपारी १२:४० वाजता तिने विचारले, “उद्या भेटायचंय ना?” मी लिहिले, “बघू. दुसऱ्या कुणाचं बोलावणं आलं नाही तर.” पुढे डोळा मारणारी इमोजी टाकली, फोन खिशात ठेवला आणि मीटिंगला गेलो. साडेतीनला बाहेर येऊन पाहतो तर तिचे संदेश असे होते: “बरं.” मग वीस मिनिटांनी, “म्हणजे नको आहे का तुला?” मग, “मी सहज विचारलं होतं.” त्यानंतर पाठवून पुसून टाकलेले दोन संदेश, आणि शेवटी, “असो. काम कर तू.”

मी घाबरून ताबडतोब पाच-सहा संदेश पाठवले, की मी रागावलेलो नाही, ती गंमत होती, मला तूच हवी आहेस. रात्रीपर्यंत ती शांत झाली, पण सकाळी पुन्हा विचारले, “कालचं खरंच मनावर घेतलं नाहीस ना?” आता मी प्रत्येक वाक्य तोलून लिहू लागलो आहे, आणि तसे लिहिले की “आज असा कोरडा का बोलतोयस?” असा प्रश्न येतो. फ्लर्ट करणे मला सोडायचे नाही, कारण आम्ही जवळ आलो ते त्यातूनच, आणि तिलाही ते आवडते. ते कसे करावे, एवढेच विचारायचे आहे.

सडेतोड

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तुम्ही तिला सवय लावून ठेवली आहे. तिने विचारायचे आणि तुम्ही सहा संदेश पाठवायचे, म्हणजे पुढच्या वेळी ती सातव्याची वाट पाहणार. त्यापेक्षा उत्तरे मुद्दाम थोडी उशिरा द्यावीत, कधी तासाने, कधी लगेच, म्हणजे उशीर झाला तरी आकाश कोसळत नाही हे तिला आपोआप कळेल.

अनुस्वार

सडेतोड यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे, आणि उरलेले निम्मे नेमके उलट परिणाम करील असे वाटते. मी बरीच वर्षे समुपदेशनाच्या कामात आहे, त्यामुळे थोडे लांब लिहिते.

मान्य असलेला भाग असा, की मागून मिळालेला दिलासा फार काळ टिकत नाही. “रागावला नाहीस ना?” या प्रश्नाला “नाही” असे उत्तर मिळाले की त्या क्षणी जिवात जीव येतो, पण थोड्या वेळाने मन म्हणते, ‘मी विचारले म्हणून तो तसे म्हणाला.’ मग तोच प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो. सहा संदेश पाठवल्याने दिलासा सहापट होत नाही. उलट ‘एवढे समजवावे लागले, म्हणजे काहीतरी असणारच’ अशी शंका येते.

परंतु उत्तरे कधी लगेच आणि कधी तासाने देणे हा उपाय नव्हे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकांवरील आपले प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. त्यांतून दिसलेली एक गोष्ट अशी, की बक्षीस अनियमितपणे मिळत असेल तर ते मिळवण्याची धडपड अधिक चिवट होते. उत्तर कधी येईल याचा नेम नसेल, तर माणूस फोन पाहणे सोडत नाही, अधिक वेळा पाहतो.

आता तुमच्या त्या संदेशाकडे वळते. विनोद म्हणून तो वाईट नव्हता, पण तो उत्तराच्या जागेवर जाऊन बसला होता. तिने हो किंवा नाही अशा उत्तराचा प्रश्न विचारला होता आणि तुम्ही ते उत्तर दिलेच नाही. शिवाय चेष्टेचा विषय तिच्या भीतीचाच होता, म्हणजे दुसरे कोणीतरी. आणि ते लिहून तुम्ही जवळजवळ तीन तास नाहीसे झालात. समोर असता तर तुमचा चेहरा पाहून तिला एका सेकंदात अर्थ लागला असता. इथे अर्थ लावण्यासाठी तिच्याकडे तीन तास होते आणि हाताशी फक्त ‘बघू’ हा शब्द होता.

फ्लर्ट करण्याची गोडी थोड्या संदिग्धतेत असते, त्यामुळे ती काढून टाका असे मी म्हणणार नाही. मात्र ती कशाबद्दल ठेवायची हे ठरवावे. ‘तू मला हवी आहेस की नाही’ याबद्दल तसूभरही संदिग्धता नसावी. ‘भेटल्यावर काय होईल’ याबद्दल हवी तेवढी असावी. त्याच वेळी, त्याच घाईत, तुम्हाला असे लिहिता आले असते:

“हो, उद्या सहाला नक्की. आता मीटिंगमध्ये शिरतोय, साडेतीनपर्यंत गायब. आणि उद्या तो निळा शर्ट घालून येणार असशील तर आधी सांग गं, मला मनाची तयारी करायला निदान एक दिवस तरी लागतो.”

यात आधी उत्तर आहे, मग तुम्ही कुठे आहात आणि कधी परत येणार ते आहे, आणि त्यानंतर चेष्टा आहे. चेष्टेत हरणारे तुम्ही आहात, ती नव्हे. आणि निळा शर्ट तुमच्या लक्षात आहे, हा तिला न मागता मिळालेला पुरावा आहे. “तू मला खूप आवडतेस” हे वाक्य कोणीही कोणालाही लिहू शकतो, त्यामुळे अतिविचार करणाऱ्या मनाला ते खोडून काढणे सोपे जाते. शर्टाचा रंग खोडून काढता येत नाही.

टिकटिक

एवढ्या खोलात जाण्याची गरज आहे का? मूळ अडचण निळ्या टिकांची आहे. व्हॉट्सॲपवर २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्या आल्या आणि तेव्हापासून लोकांची झोप उडाली. मी वाचल्याची पावती सेटिंगमधून बंद करून टाकली आहे, शेवटचे केव्हा आलो होतो ते दिसणेही बंद केले आहे, आणि आता मला कोणी काही विचारत नाही. मला समोरच्याच्या निळ्या टिका दिसेनाशा झाल्या, पण ते चालते.

अर्धविराम

टिकटिक, तुम्हाला कोणी विचारत नाही याचा अर्थ कोणाला काही वाटत नाही असा नव्हे. आमच्याकडे हा प्रयोग झाला आहे. माझ्या जोडीदाराने न सांगता पावती बंद केली आणि मी तो आठवडा ‘असे काय आहे, जे याला लपवायचे आहे’ या विचारात काढला. दोघांनी बोलून बंद केली असती तर कदाचित उपयोग झाला असता.

या धाग्यावर कीस पाडणाऱ्यांच्या बाजूने मी लिहिते, कारण मी त्यांतलीच आहे. उत्तर उशिरा येते याचा त्रास फारसा नसतो. ते कधी येणार हे ठाऊक नसते, त्याचा असतो. “साडेतीनपर्यंत गायब” असे कळले की मी साडेतीनपर्यंत अगदी निवांत असते. पण साडेतीन म्हणून सहाला आलात, तर पुढच्या वेळी त्या शब्दाला किंमत राहत नाही. म्हणून वेळ सांगताना थोडी पुढचीच सांगावी.

दुसरे असे, की आम्ही काय वाचतो याची बाहेरच्यांना कल्पना नसते. रोज “जेवलीस का गं?” असे विचारणाऱ्याने एके दिवशी “जेवलीस का?” लिहिले, तर तो ‘गं’ कुठे गेला याचा शोध सुरू होतो. “ठीके” आणि “ठीक आहे.” यांत तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे, विशेषतः त्या टिंबामुळे.

अनुस्वार

टिंबाची गोष्ट केवळ तुमच्या मनातली नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१५ च्या शेवटी त्याची बरीच चर्चाही झाली. एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असेल तर मोबाइलवरील संदेशात ते उत्तर कमी मनापासूनचे वाटले. तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असले तर तसा फरक पडला नाही. म्हणजे संदेशात टिंब हे विरामचिन्ह राहत नाही, आवाजाचा सूर होते. मात्र टिंबामुळे थोडा कोरडेपणा जाणवणे निराळे आणि त्यावरून ‘आता संपले’ असा निष्कर्ष काढणे निराळे. पहिले वाचन आहे, दुसरी भीती आहे.

आणि लिहिणाऱ्याचीही एक ठरलेली चूक असते. २००५ साली क्रूगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने ईमेलमधील उपरोधाबद्दल प्रयोग केले. आपला सूर वाचणाऱ्याला कळेल अशी लिहिणाऱ्यांना जेवढी खात्री होती, त्याहून तो पुष्कळच कमी वेळा कळला. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, त्यामुळे तो कागदावर उतरला आहे असे वाटते. संथवारा, तुमचा ‘बघू’ तुमच्या कानात हसत होता. तिच्यापर्यंत फक्त अक्षरे गेली.

संथवारा

हे पटले. पण मग गंभीर चेहरा ठेवून केलेली चेष्टा लेखी करूच नये का? माझी बहुतेक गंमत तशीच असते.

अर्धविराम

करावी, पण एवढी फुगवून करावी की तिला दुसरा अर्थ लागूच नये. आमच्याकडे एक प्रकार चालतो. मी जुने संदेश उकरून काढते म्हणून मी स्वतःलाच ‘अभिलेख कक्ष’ असे नाव ठेवले होते. तेव्हापासून तो मला सरकारी भाषेत लिहितो. एकदा मी दिवसभर अस्वस्थ होते, काही विचारलेही नव्हते, आणि त्याचा संदेश आला:

“विषय: आठवण येत असल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आज दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी, कोणतेही सबळ कारण नसताना, अर्जदारास आपली आठवण आली. अभिलेखात नोंद घ्यावी.”

एरवी तो अचानक ‘महोदया’ म्हणाला असता तर मी हादरले असते. इथे तेच लाडाचे झाले, कारण ते इतके अवाच्या सव्वा आहे की त्याला कोरडेपणा समजणे मलाही जमले नाही. आणि त्यात खरी वेळ होती. मी तो संदेश अजून जपून ठेवला आहे.

एक खबरदारी मात्र घ्यावी. ‘अभिलेख कक्ष’ हे नाव मी स्वतः ठेवले म्हणून तो त्यावर हसू शकतो. त्यानेच आधी “तू म्हणजे नुसती शंकेखोर” असे गमतीने म्हटले असते, तर त्या दिवसापासून मी विचारणे बंद केले असते आणि मनातल्या मनात कुढत बसले असते. “किती विचार करतेस!” हे वाक्यही त्याच जातीचे. ते प्रेमाने म्हटले जाते, पण ऐकू येते ते ‘तू त्रासदायक आहेस’ असेच.

संथवारा

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मी काय लिहायला हवे होते? पुन्हा सगळे समजावले तर सडेतोड म्हणतात तसे होणार, आणि टाळले तर ती दुखावणार.

अनुस्वार

पहिल्या वेळी एकदाच, पूर्ण आणि साधे उत्तर द्यावे, त्यात इमोजीसुद्धा नको: “मी रागावलेलो नाही. तुझ्या साध्या प्रश्नाला मी चेष्टेने उत्तर दिलं आणि निघून गेलो, ते चुकलं. उद्या सहाला येतोय.” यात तुमच्या वाट्याची चूक नेमकी आहे, त्यामुळे ती खरी वाटते, पाच वेळा ‘सॉरी’ म्हटल्याने ती धूसर होते.

दुसऱ्या वेळी ते सारे पुन्हा लिहू नये, पहिल्या उत्तराकडे बोट दाखवावे आणि पुढे चालू लागावे: “कालचं उत्तर आजही तेच आहे गं, शिळं झालेलं नाही. आता संध्याकाळचं बोल, मी दाढी करून येऊ की तुला तो खरखरीत माणूस आवडतो?” इथे तिचा प्रश्न झिडकारला जात नाही आणि त्याला नवे इंधनही मिळत नाही.

तिसऱ्या वेळीही तोच प्रश्न आला, तर लिहिणे थांबवावे आणि फोन करावा. तिसऱ्यांदा विचारला जाणारा प्रश्न सहसा त्या ‘बघू’बद्दल नसतो, दुसऱ्या कशाबद्दल असतो, आणि तो अक्षरांत सापडत नाही. त्या वेळी फ्लर्ट अजिबात करू नये. रडवेल्या माणसाला गुदगुल्या केल्यासारखे ते होते.

आणि आठवड्यातून काही वेळा, तिने काहीही विचारलेले नसताना, तुमच्या सोयीने एखादी नेमकी गोष्ट लिहावी. ‘मी विचारले म्हणून तो म्हणाला’ ही पळवाट तिथे उरत नाही. पण त्याचेही वेळापत्रक करू नये, नाहीतर मंगळवारचा संदेश चुकला म्हणून नवा प्रश्न उभा राहील.

कुंपणावर

मी धागा वाचला आणि मला वाटते, तुम्हाला यातून बाहेर पडायचे आहे, फक्त तसे म्हणवत नाही.

संथवारा

तसे काही नाही हो. बाहेर पडायचे असते तर निळ्या शर्टाची चर्चा एवढी मन लावून वाचली नसती.

नवखी

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. आमचे अजून काहीच ठरलेले नाही. तो मला आवडतो आणि मी त्याला आवडते असा माझा अंदाज आहे. प्रत्येक मोठ्या संदेशानंतर तो लिहितो, “मी जास्तच बोललो का? सॉरी.” नातेच नसताना धीर कोणत्या अधिकाराने द्यावा? फार गोड बोलले तर ते वचन दिल्यासारखे होईल, आणि बेताने बोलले तर तो मिटून जाईल.

अर्धविराम

माझे मत असे, की आवडतो हे सरळ सांगून टाकावे. अशा माणसाला अंदाज बांधायला लावणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे आहे. “जास्त बोललास खरा, आणि मी सगळं दोनदा वाचलं” एवढे लिहिले तरी तो दोन दिवस हवेत राहील.

अनुस्वार

वाक्य सुंदर आहे, पण माझा सल्ला थोडा सावध राहील. नव्या ओळखीत उत्साहाने दिवसाला चाळीस संदेश होतात आणि महिन्याभरात ते दहावर येतात. कोणाचे मन बदललेले नसते, आयुष्य पूर्ववत झालेले असते. अतिविचार करणारा मात्र तो उतार पाहतो आणि त्यातून अर्थ काढतो. म्हणून कंटाळवाण्या महिन्यातही जेवढे निभावता येईल, तेवढेच आता सुरू करावे. त्याच्या ‘सॉरी’चे उत्तर माफीने देऊ नये, त्याने लिहिलेल्या मजकुराने द्यावे: “सॉरी राहू दे, त्या मांजराचं पुढे काय झालं ते सांग.” त्याचे बोलणे हवे होते हे त्यातून कळते आणि तुम्ही शब्दात अडकत नाही.

अर्धविराम

मला हे पूर्ण पटत नाही. मांजराच्या प्रश्नावरून मी रात्रभर विचार केला असता, की याला मी आवडते की मांजर.

सडेतोड

माझी एक शंका शिल्लक आहे आणि ती चेष्टेने विचारत नाही. प्रत्येक ‘गं’ जागेवर ठेवायचा, टिंब काढायचे, गायब होताना वेळ सांगायची. हे सारे एकानेच किती सांभाळायचे? त्यालाही कधीतरी नुसते “हं” म्हणण्याचा हक्क आहे की नाही?

अनुस्वार

हक्क आहे, आणि तो दोघांनी समोरासमोर बसून ठरवावा, लिहून नव्हे. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने अर्ध्या चंद्राची इमोजी ठरवली आहे. तिचा अर्थ एवढाच, ‘मी थकलो आहे, उत्तर तोकडे येईल, आपले सारे ठीक आहे.’ ती आली की दुसऱ्याने त्या तोकड्या उत्तराचा अर्थ लावायचा नाही, ही त्या दुसऱ्याची जबाबदारी. भांडण झालेले असताना ती वापरायची नाही हेही त्यांनी ठरवले आहे, नाहीतर ती खोटी पडते.

सडेतोड, तुमच्या प्रश्नाला मर्यादाही आहे. फोनचा पासवर्ड मागणे, तुम्ही कुठे आहात ते सतत पाहणे, झोप आणि काम बिघडणे इथपर्यंत गोष्ट आली असेल, तर गोड संदेश हे त्यावरचे औषध नाही. तिथे समुपदेशकाची मदत घ्यावी. तसेच समोरचा खरोखरच आज येतो आणि उद्या नाहीसा होतो असा असेल, तर त्याच्या जोडीदाराच्या शंकेला अतिविचार म्हणणे अन्यायाचे होईल.

संथवारा

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. वेळ सांगून गायब होण्याचा फरक सर्वांत लवकर दिसला. एकदा साडेचार म्हणून सव्वापाचला आलो, तेव्हा तिने नोंद घेतली, पण प्रलय झाला नाही.

सरकारी पत्राचा प्रयोग एकदा फसला. तिचे घरी काहीतरी बिनसले होते, मला कल्पना नव्हती, आणि मी “विषय: आपल्या हसण्याच्या तीव्र टंचाईबाबत” असे लिहून मोकळा झालो. उत्तर आले, “हं.” एरवी मी आणखी एक विनोद केला असता, या वेळी तिची आधीची दोन उत्तरेही आखूड होत गेली होती हे लक्षात आले आणि फोन केला. चाळीस मिनिटे ती बोलली, मी ऐकले.

काल पुन्हा धीर करून पाठवले, “विषय: शनिवारी भेट मिळणेबाबत. अर्जदार आपल्या उजव्या गालावरील खळीच्या दर्शनास्तव सहाला हजर राहील. कळावे.” अकरा मिनिटे काहीच आले नाही, आणि या वेळी कीस मी पाडत होतो. मग उत्तर आले:

“आपला अर्ज प्राप्त झाला. छाननीत पुढील त्रुटी आढळली: ‘कळावे’ या शब्दापुढे ‘गं’ जोडलेला नाही. पूर्तता करून अर्ज शनिवारी समक्ष सादर करावा. खळी कार्यालयीन वेळेनंतरही उपलब्ध राहील.”